प्रोजेक्ट रिपोर्टमधलं पर्यावरणाचं प्रकरण सारखं परत येतंय? या क्रमाने तपासा

लघुउद्योगांचे प्रोजेक्ट रिपोर्ट दुरुस्त करणं हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. त्यात सगळ्यात जास्त वेळा माझ्याकडे येतं ते शेवटून दुसरं प्रकरण: 'पर्यावरण अनुपालन व कचरा व्यवस्थापन'. यंत्रसामग्री, बाजारपेठ, कर्जफेडीचं कोष्टक हे सगळं मालकाने रात्री जागून केलेलं असतं, आणि हे प्रकरण मात्र कुठल्या तरी जुन्या रिपोर्टातून उचललेलं असतं. बिघाड जवळपास नेहमी एकाच जागी सापडतो. या प्रकरणातले आकडे रिपोर्टच्या बाकीच्या पानांशी जुळत नाहीत. भाषा चुकलेली नसते, कायद्यांची नावंही बरोबर असतात, हिशेबच लागत नाही.

सोबत एक उदाहरण घेतो, म्हणजे बोलणं हवेत राहणार नाही. पुणे जिल्ह्यातल्या एमआयडीसीत १००० चौरस मीटरचा प्लॉट. पत्र्याचे इलेक्ट्रिकल पॅनेल आणि ब्रॅकेट बनवायचे, त्यांना सात टाक्यांची पूर्वप्रक्रिया करून पावडर कोटिंग करायचं. माणसं २२, पाळी एक, वर्षाला ३०० दिवस काम. महाराष्ट्रात असे शेकड्याने कारखाने आहेत, त्यामुळे तुमचा धंदा थोडा वेगळा असला तरी तपासणीची रीत हीच राहील.

## लक्षणं

खालीलपैकी दोन-तीन गोष्टी दिसत असतील तर बिघाड तोच आहे असं समजा.

- स्थापना संमतीचा, म्हणजे 'कन्सेंट टू एस्टॅब्लिश'चा अर्ज शंका काढून परत येतो. उत्तर दिलं की नवी शंका येते, आणि प्रत्येक वेळी ती पाणी, सांडपाणी किंवा घातक कचऱ्याच्या प्रमाणाबद्दलच असते.
- बँकेचा अधिकारी सांडपाणी प्रक्रिया संयंत्राबद्दल, म्हणजे ईटीपीबद्दल विचारतो, "ईटीपी लिहिलाय, पण प्रकल्प खर्चात तो कुठे आहे?"
- सांडपाण्याचा आकडा दोन पानांवर दोन वेगळा आहे.
- घातक कचऱ्याच्या कोष्टकात सगळे आकडे गोल आणि चिमुकले आहेत: ५० किलो, १०० किलो, ०.२५ टन.
- प्रकरणात 'योग्य ती विल्हेवाट लावली जाईल' हे वाक्य तीनपेक्षा जास्त वेळा आलंय.
- प्रक्रिया केलेलं सगळं पाणी 'बागेसाठी वापरलं जाईल' असं लिहिलंय. हे एकच लक्षण असलं तरी मी पुढची पानं उघडतो.

आता तपासण्या. पहिल्या तीन फुकट आहेत, घरी बसून होतात. पुढच्यांना कॅल्क्युलेटर लागतो, मग टेप, मग पैसे. क्रम मोडू नका. मी अशी माणसं पाहिली आहेत ज्यांनी आधी सल्लागाराला फी दिली आणि मग कळलं की फक्त कामगारांचा आकडा चुकला होता.

## १. उसनवारी शोधा

पेन घेऊन प्रकरण एकदा सावकाश वाचा. गावाचं नाव, प्लॉट क्रमांक, उत्पादनाचं नाव, नदीचं नाव. एका रिपोर्टात पुण्याच्या कारखान्याचं सांडपाणी गोदावरीच्या खोऱ्यात सोडलेलं होतं. हसू येतं, पण तपासणाऱ्याने ते एकदा पाहिलं की पुढचा प्रत्येक आकडा तो संशयाने बघतो.

याच वाचनात दोन गोष्टींवर थांबा. पहिली म्हणजे वर्ग. लाल, नारिंगी, हिरवा, पांढरा हे उद्योगांचे वर्ग केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१६ मध्ये प्रदूषण निर्देशांकावरून ठरवले होते, आणि २०२५ मध्ये ती यादी सुधारली. त्यामुळे २०१९ च्या रिपोर्टातला वर्ग उचलून चालत नाही. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ आज कोणती यादी लावतंय ते पोर्टलवर बघा आणि तेच लिहा. संमतीच्या फीचा वर्गाशी संबंध असतो, म्हणून ही चूक पुढे पैशात जाते.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रक्रियेचं वर्णन. आपल्या उदाहरणात मालकाने लिहिलं होतं 'शीट मेटल फॅब्रिकेशन'. ते खोटं नाही, पण अर्धवट आहे. फॅब्रिकेशनला पाणी लागत नाही. फॉस्फेटिंगला, म्हणजे पावडरआधी पत्र्यावर फॉस्फेटचा थर चढवायला लागतं, आणि धातूवरची पृष्ठभाग प्रक्रिया ही यादीत स्वतंत्र नोंद आहे. वर्णनात फॉस्फेटिंग नाही आणि रासायनिक मालाच्या यादीत फॉस्फोरिक ॲसिड आहे, हे विसंगत दिसतं. शिवाय संमती फक्त फॅब्रिकेशनसाठी मिळाली तर टाक्या बसवल्याच्या दिवसापासून तुम्ही संमतीबाहेर काम करताय.

## २. एकच आकडा सगळीकडे एकच आहे का

रिपोर्टची प्रिंट काढा आणि चार आकडे जिथे जिथे आलेत तिथे खूण करा: उत्पादन क्षमता, कामगारसंख्या, कामाचे दिवस आणि भांडवली गुंतवणूक.

उदाहरणातल्या रिपोर्टात पगाराच्या कोष्टकात २२ माणसं होती आणि पर्यावरणाच्या प्रकरणात १०. हा फरक क्षुल्लक नाही. कारखान्यात जिथे आंघोळीची सोय लागते तिथे माणशी रोज ४५ लिटर पाणी धरायची रीत भारतीय मानकात आहे. २२ माणसांचे होतात ९९० लिटर, म्हणजे जवळपास एक घनमीटर. त्यातलं साधारण ८०० लिटर सांडपाणी होतं. १० माणसं धरली तर सेप्टिक टँक निम्म्याहून लहान निघतो. तो बांधून झाला की मोठा करता येत नाही, वर पार्किंग आलेलं असतं.

भांडवली गुंतवणुकीचं तसंच. संमतीची फी गुंतवणुकीच्या टप्प्यांवर ठरते, आणि ती गुंतवणूक म्हणजे जमीन, इमारत, यंत्रं यांची घसारा न वजा केलेली एकूण किंमत. सीएच्या दाखल्यात एक आकडा आणि बँकेच्या रिपोर्टात दुसरा असेल तर अर्ज तिथेच अडतो. बऱ्याचदा सीएने जमीन सोडलेली असते. फोन करून विचारा, पाच मिनिटांचं काम आहे.

## ३. यंत्रांची आणि खरेदीची यादी शेजारी ठेवा

हे मला सगळ्यात उपयोगाचं वाटतं, आणि करतं मात्र कुणीच नाही. नियम साधा: दारातून जे आत येतं ते माल म्हणून, वाफ होऊन, पाण्यातून किंवा कचऱ्यातून बाहेर जायलाच हवं. म्हणून खरेदीच्या प्रत्येक ओळीसमोर 'हे कुठून बाहेर जातं?' असं लिहायचं.

आपल्या यादीत हायड्रॉलिक प्रेस ब्रेक आणि कंप्रेसर आहे. दोन्हींचं तेल कधीतरी बदलणार. पण घातक कचऱ्याच्या कोष्टकात वापरलेलं तेल नाही. २०१६ च्या घातक व इतर कचरा नियमांच्या पहिल्या अनुसूचीत ते ५.१ या क्रमांकावर येतं, आणि ते नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्यालाच द्यावं लागतं. टाकीत तेल किती मावतं ते प्रेस ब्रेकच्या माहितीपत्रकात असतं, तिथून आकडा घ्या.

रसायनं कॅनमधून येतात. कॅन रिकामे झाले की ३३.१ या नोंदीत येतात: घातक रसायन लागलेली रिकामी पिंपं आणि डबे. रिपोर्टात लिहिलं होतं, 'रिकामे कॅन भंगारात विकले जातील', आणि त्याचं उत्पन्नही धरलं होतं! हे वाक्य तसंच राहू देऊ नका. त्यात तुम्ही स्वतःच्या सहीने सांगताय की घातक कचरा परवानगी नसलेल्या माणसाला देणार. पुरवठादार कॅन परत घेतो का ते विचारा, नाहीतर अधिकृत प्रक्रिया करणाऱ्याचं नाव द्या.

यादीत ६२.५ केव्हीएचा डिझेल जनरेटर आहे. मग चिमणी हवी. जनरेटरच्या चिमणीचं सूत्र सोपं आहे: इमारतीची उंची अधिक ०.२ गुणिले केव्हीएचं वर्गमूळ. ६२.५ चं वर्गमूळ ७.९, त्याला ०.२ ने गुणलं की १.५८. म्हणजे ज्या इमारतीजवळ जनरेटर आहे तिच्या माथ्यापासून १.६ मीटर वर. ओव्हनच्या एलपीजी बर्नरची चिमणी वेगळी दाखवा.

आणि आता माझी आवडती तपासणी: यादीत चुना आहे का? ईटीपी लिहिलाय, ॲसिड आहे, पण ॲसिड मारायला चुना किंवा कॉस्टिक विकत घेतल्याचं कुठेच नाही, म्हणजे तो ईटीपी फक्त कागदावर आहे. वाचणाऱ्याला हे एका नजरेत कळतं.

## ४. पाण्याची बेरीज करा

इथे थोडा वेळ द्या, कारण निम्म्या शंका पाण्यावरच निघतात.

सात टाक्या अशा: तेल काढणं, पाण्याची धुलाई, गंज काढणं, धुलाई, फॉस्फेटिंग, धुलाई, आणि पॅसिव्हेशन म्हणजे फॉस्फेटचा थर पक्का करणं. प्रत्येक टाकी दोन मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर खोल, आणि भरलेली १८०० लिटरपर्यंत. रिपोर्टात प्रक्रियेचं पाणी एक घनमीटर आणि सांडपाणी ०.२ घनमीटर लिहिलं होतं. मी मालकाला विचारलं, "धुलाईचं पाणी किती दिवसांनी बदलणार?" तो म्हणाला, "तिसऱ्या दिवशी बदलावंच लागतं, नाहीतर पावडर सुटते." झालं, उत्तर त्याच्याचकडे होतं. धुलाईच्या तीन टाक्या, प्रत्येक तीन दिवसांनी रिकामी, म्हणजे सरासरी रोज एक टाकी: १८०० लिटर. ०.२ घनमीटर म्हणजे २०० लिटर. नऊपट फरक.

बाकीच्या टाक्यांचं पाणी रोज जात नाही, पण जातं. तेल काढायची टाकी दोन महिन्यांनी बदलतात, वर्षातून ६ वेळा. गंज काढायची तीन महिन्यांनी, ४ वेळा. पॅसिव्हेशन दर महिन्याला, १२ वेळा. एकूण २२ वेळा १८०० लिटर, म्हणजे ३९,६०० लिटर. ३०० दिवसांवर वाटलं तर रोज १३२ लिटर. फॉस्फेटिंगची टाकी सहसा ओतून देत नाहीत, तिचा गाळ काढतात. त्याचं पुढे बघू. तेल काढायची आणि फॉस्फेटिंगची टाकी गरम असतात, त्यांची वाफ रोज साधारण १०० लिटर धरली.

| कुठे | रोजचं पाणी, लिटर | सांडपाणी, लिटर |
|---|---|---|
| धुलाई | १८०० | १८०० |
| टाक्या बदलणं | १३२ | १३२ |
| वाफ | १०० | ० |
| कामगार | ९९० | ८०० |
| एकूण | ३०२२ | २७३२ |

प्रक्रियेचं सांडपाणी १९३२ लिटर, म्हणजे दोन घनमीटरचा ईटीपी लागतो. एमआयडीसीच्या पाणीजोडणीच्या अर्जातही रोजची गरज तीन घनमीटरच्या वरच लिहिलेली हवी. तो अर्ज काढून बघा.

आता सरासरीतली मेख. रोज १३२ लिटर हे कागदावर ठीक आहे, पण गंज काढायची टाकी ज्या दिवशी बदलाल त्या दिवशी १८०० लिटर ॲसिड एकदम येणार. दोन घनमीटरचा ईटीपी त्या दिवशी आडवा होतो: चुना पुरत नाही, पीएच खाली राहतो, गाळ बसत नाही. संमती मिळाल्यावर नमुने नापास होण्याचं हे नेहमीचं कारण आहे आणि ते योजनेतच टाळता येतं. ॲसिडसाठी २००० लिटरची वेगळी साठवण टाकी दाखवा. त्यातून रोज ७५ लिटर धुलाईच्या पाण्यात सोडलं तर १८०० लिटर २४ दिवसांत संपतात, पुढची टाकी बदलायला अजून दोन महिने असतात. तेल काढायच्या अल्कलीसाठी दुसरी तशीच टाकी. दोन्ही थोडं थोडं सोडल्याने एकमेकांना काही प्रमाणात मारतात आणि चुना वाचतो. किंमत दोन प्लास्टिकच्या टाक्या आणि दोन व्हॉल्व्ह.

### बागेचं काय

प्रक्रिया केलेलं पाणी जाणार कुठे, हा प्रश्न उरतोच. रिपोर्टात उत्तर होतं 'बाग', आणि नकाशात बाग १५० चौरस मीटर. १९३२ लिटर भागिले १५०, म्हणजे चौरस मीटरला रोज जवळपास १३ लिटर, म्हणजेच १३ मिलिमीटर पाणी. भर उन्हाळ्यात हिरवळीला रोज पाच-सहा मिलिमीटर पुरतं. जूनपासून पावसाळाभर तिला तुमचं पाणी नकोच असतं. म्हणजे चार महिने दोन घनमीटर पाणी रोज कुठेतरी जाणार, आणि ते पावसाच्या गटारात जाणार हे तपासायला येणाऱ्यालाही माहीत असतं. त्यातून चुन्याने आणि अल्कलीने मारलेल्या पाण्यात क्षार वाढलेले असतात; हळूहळू माती कडक होते.

खरे पर्याय दोनच. वसाहतीत सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र असेल तर त्याचं सदस्यत्व घ्या, केंद्र कोणत्या दर्जाचं पाणी घेतं ते लिहून घ्या आणि त्या दर्जापर्यंत आणायची यंत्रणा दाखवा. केंद्र नसेल तर पाणी गाळून, आरओतून काढून पुन्हा धुलाईला वापरा. पण मग आरओने नाकारलेलं खारट पाणी उरतं, ते आटवायला बाष्पीभवन यंत्र लागतं, त्याला इंधन लागतं आणि शेवटी मीठ उरतं. ही सगळी साखळी लिहिली नाही तर 'शून्य विसर्ग' हा शब्द प्रकरणात वापरू नका. तो शब्द दिसला की पुढचा प्रश्न मिठाचाच येतो.

## ५. गाळाचं वजन खरेदीवरून काढा

रिपोर्टात ईटीपीचा गाळ ०.२५ टन लिहिला होता. का, तर मागच्या रिपोर्टात तेवढा होता.

आता हिशेब. खरेदीत ८५ टक्क्यांचं फॉस्फोरिक ॲसिड वर्षाला १००० किलो आहे, म्हणजे शुद्ध ८५० किलो. ते टाकीतून गेलं काय किंवा पत्र्याला चिकटून धुलाईत गेलं काय, शेवटी जवळपास सगळं ईटीपीतच येतं. चुन्याशी त्याचं कॅल्शियम फॉस्फेट होतं: ९८ किलो ॲसिडमागे १५५ किलो. ८५० किलोचे साधारण १३४५ किलो, आणि तेही कोरडे. गाळ दाबून पाणी काढणाऱ्या फिल्टर प्रेसमधून निघणारा केक कोरडा नसतो, त्यात ६५ टक्के तरी पाणी असतं. १३४५ भागिले ०.३५, म्हणजे सुमारे ३८४० किलो. चुन्यातला खडा आणि विरघळलेलं लोखंड धरून ४.५ टन लिहा. लिहिलेल्यापेक्षा अठरापट.

याच गणितावरून चुनाही निघतो: ८५० किलो ॲसिडला सुमारे ९६० किलो, म्हणजे महिन्याला ८० किलो. खर्चात त्याहून कमी लिहिला असेल तर तो आकडा दुरुस्त करा.

हा गाळ अनुसूचीत ३५.३ मध्ये, सांडपाणी प्रक्रियेचा रासायनिक गाळ म्हणून येतो. फॉस्फेटिंगच्या टाकीच्या तळाशी बसणारा गाळ वेगळा, त्याची नोंद १२.५. दोन्ही एका ओळीत घालू नका. टाकीतल्या गाळाचं प्रमाण रसायनाच्या पुरवठादाराकडून लेखी घ्या. पत्रा किती गंजलेला येतो यावर ते खूप बदलतं, म्हणून तिथे मी सूत्र वापरत नाही.

कमी लिहिलं तर काय बिघडतं? घातक कचऱ्यासाठी मंडळाकडून मिळणाऱ्या प्राधिकारपत्रात मंजूर झालेला आकडा ही तुमची मर्यादा असते. दर वर्षी ३० जूनपर्यंत फॉर्म ४ मध्ये वार्षिक विवरण भरावं लागतं, आणि गाळ उचलताना फॉर्म १० चं मॅनिफेस्ट, म्हणजे मालासोबत जाणारा कागद बनतो. मंजुरी ०.२५ टनाची आणि पाठवलेला माल चार टन, हे दोन्ही कागद तुमच्याच सहीचे. मग लोक गाळ पाठवायचाच थांबवतात आणि तो शेडमागे साचतो. उलटी चूकही होते: 'जास्त लिहिलेलं बरं' म्हणून २० टन. मग पाठवलेले चार टन बघून प्रश्न येतो की उरलेले सोळा कुठे पुरले. म्हणून हिशेबाने आलेला आकडा लिहा आणि हिशेब परिशिष्टात जोडा. हिशेब जोडलेला असला की शंका आली तरी ती त्या गणितातल्या एखाद्या पायरीवर येते, आणि तिचं उत्तर एका पत्रात देता येतं.

## ६. टेप घेऊन नकाशा तपासा

साडेचार टन वर्षाला, म्हणजे तीन महिन्यांत सव्वा टनाच्या आत. नियमाप्रमाणे घातक कचरा जास्तीत जास्त ९० दिवस ठेवता येतो. वर्षाला १० टनांपर्यंत कचरा होणाऱ्या छोट्या कारखान्यांना मंडळ १८० दिवसांपर्यंत मुदत वाढवून देऊ शकतं, पण ती मागावी लागते, आपोआप मिळत नाही. जागा मात्र १८० दिवसांची धरा. विल्हेवाट केंद्राची गाडी छोट्या मालासाठी लगेच येईलच असं नाही.

अडीच टन गाळ २५ किलोच्या पिशव्यांत म्हणजे १०० पिशव्या, लाकडी पॅलेटवर रचून. रिकामे कॅन आणि तेलाचं पिंप वेगळं. मी साधारण ३ बाय ४ मीटरची खोली दाखवतो: छप्पर, पाणी न झिरपणारी फरशी, उंबरठा, आणि सांडलेलं गोळा करायला आतच खड्डा, ज्याचा पाइप बाहेर जात नाही. आपल्या उदाहरणातल्या नकाशात अशी खोली नव्हतीच. ईटीपी होता, पण नेमका अग्निशमन गाडीच्या वाटेवर. त्या वाटेची रुंदी आणि ईटीपीच्या टाक्या कागदावर टेपने मोजा. प्लॉट १००० चौरस मीटरचा असला की बांधकाम, बाजूच्या मोकळ्या जागा आणि झाडं वजा जाऊन फार काही उरत नाही. इथे जागा बसली नाही तर टाक्यांची मांडणी बदलावी लागते. इमारतीचा नकाशा मंजुरीला जाण्याआधीच हे बघायचं ते याचसाठी.

## ७. पैशांच्या पानांवर ते दिसतंय का

ईटीपी, साठवण टाक्या, फिल्टर प्रेस, कचऱ्याची खोली: हे प्रकल्प खर्चात. चुना, वीज, चालवणारा माणूस, गाळ नेण्याचं भाडं आणि विल्हेवाटीची फी, पाण्याचे नमुने: हे चालू खर्चात. पुणे भागातले कारखाने रांजणगावच्या सामायिक घातक कचरा केंद्राकडे जातात. तिथून सदस्यत्वाचं आणि दराचं पत्रक लेखी मागवा आणि साडेचार टनांनी गुणा. ०.२५ टनावर धरलेला खर्च अठरापट झाल्यावर नफ्याचं कोष्टक हलतं, ते हलू द्या. कर्ज मंजूर झाल्यावर ईटीपीसाठी पैसे उरत नाहीत, आणि खेळतं भांडवल त्यात गेलं की पहिल्याच वर्षी हप्ता थकतो. बँकेच्या अधिकाऱ्याला नेमकी हीच भीती असते, म्हणून तो विचारतो.

## इथे थांबा आणि माणूस बोलवा

वरच्या सात तपासण्या मालक स्वतः करू शकतो. खालच्या गोष्टी मी स्वतःही करत नाही.

पॅसिव्हेशन किंवा प्लेटिंगमध्ये षट्संयुजी क्रोमियम, सायनाइड किंवा निकेल असेल तर वरचा हिशेब लागू नाही. सायनाइडच्या पाण्यात ॲसिड मिसळलं तर जीवघेणा वायू निघतो. तिथे 'दोन्ही थोडं थोडं सोडा' हा माझा सल्ला कुणी वापरला तर माणूस मरेल. क्रोमियमचं आधी क्षपण करून मगच ते गाळ म्हणून खाली बसवावं लागतं. अशा कामाला सांडपाणी प्रक्रियेचा अभियंताच हवा. क्रोममुक्त पॅसिव्हेशन परवडत असेल तर योजनेतच बदला, अर्धा त्रास जातो.

ईटीपीचा आकार इथल्यासारखा काढणं वेगळं आणि त्याचा आराखडा करणं वेगळं. शेजारच्या तशाच कारखान्याचं पाणी मिळालं तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत त्यावर प्रक्रियेची चाचणी करून घ्या. चुन्याची मात्रा आणि गाळ बसायला लागणारा वेळ तिथेच कळतो, कागदावर नाही.

भरलेली टाकी पत्रा, आधार आणि पाणी धरून दोन टनांच्या वर जाते, आणि सात टाक्या ओळीने असतात. त्या मजल्यावर ठेवायच्या असतील तर स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीशिवाय नकाशा पुढे नेऊ नका. बोअरवेलचं पाणी वापरायचं असेल तर भूजलाची परवानगी हा वेगळा अर्ज आहे, त्याच्या जाणकाराकडून करून घ्या.

आणि कारखाना आधीच चालू असेल, संमती नसेल किंवा संपलेली असेल, आणि जल कायद्याच्या कलम ३३अ किंवा वायू कायद्याच्या कलम ३१अ खाली नोटीस हातात आली असेल, तर प्रकरण दुरुस्त करत बसू नका. नोटिशीला उत्तर द्यायची तारीख असते आणि तुम्ही लिहिलेलं प्रत्येक वाक्य पुढे तुमच्याविरुद्ध वाचलं जाऊ शकतं. पर्यावरण सल्लागार आणि वकील दोघांनाही त्याच दिवशी फोन करा. सोबत न्यायचे कागद: नोटीस, जुनी संमती, गेल्या वर्षभराची रसायनांची आणि चुन्याची बिलं, पाण्याची बिलं आणि भरलेली मॅनिफेस्टं. सल्लागार आधी बिलंच मागेल, कारण गाळ किती झाला असेल हे तोही तिथूनच काढतो.